‘एक छान नाव सुचवा’ : कोरी मागणी आली तर काय करायचं

मेसेज असा असतो : ‘नवीन बिझनेस सुरू करतोय. एक छान, युनिक नाव सुचवा.’ बस, एवढंच. धंदा कसला, गिऱ्हाईक कोण, नाव मराठी हवं की इंग्रजी, भारदस्त हवं की खेळकर, कशाचाच पत्ता नाही. नावं सुचवण्याच्या कामात तुम्ही नवे असाल, तर अशा मागण्याच जास्त येतील हे धरून चाला. हात शिवशिवतात. वाटतं, वीसेक नावं ठोकून देऊ, त्यातलं एखादं तरी आवडेल.

मी सुरुवातीला तेच करायचो. एकाला तर चाळीस नावं पाठवली होती. उत्तर आलं, ‘मस्त आहेत, अजून थोडी दाखवा ना.’ त्या वेळी राग आला होता, पण त्या माणसाचं काही चुकलं नव्हतं. नाव नाकारायचं तरी हातात काही मोजपट्टी लागते. ती त्याच्याकडे नव्हती आणि मीही त्याच्याकडून काढून घेतली नव्हती. चाळीसच्या जागी चारशे पाठवली असती, तरी तो ‘अजून’च म्हणाला असता.

आधी ओळखा : कोऱ्या मागणीतून कुठली नावं निघतात

माहिती नसताना डोकं सगळ्यांचं एकाच दिशेला जातं. प्राइम, एलिट, नेक्स्ट, युनिव्हर्सल, श्रेष्ठ, उत्कर्ष. अशी नावं कुठेही बसतात, म्हणून ती सुचतात. तपासायची सोपी रीत म्हणजे नावापुढे तीन वेगळेच धंदे लावून बघायचे : टायर, दातांचा दवाखाना, शिकवणी वर्ग. प्राइम टायर, प्राइम डेंटल, प्राइम क्लासेस. तिन्ही खपून गेले तर ते नाव कुणाचंच नाही, आणि बहुधा आधीच शंभर जणांनी घेतलेलं आहे.

यावर नवखे हमखास एक शंका काढतात, आणि ती रास्त आहे. कोडॅकसुद्धा टायरपुढे बसलं असतं की! बसलं असतं. जॉर्ज ईस्टमनने तो शब्द 1888 साली मुद्दाम घडवला. K हे अक्षर त्याला आवडायचं आणि कुठल्याही भाषेत अर्थ नसलेला शब्द त्याला हवा होता. पण असा शब्द आधी दुसऱ्या कुणाकडे नसतो, त्यामुळे तुम्ही जो अर्थ भराल तो त्यात राहतो. ‘प्राइम’मध्ये आधीच ‘आम्ही भारी’ हा अर्थ भरलेला आहे आणि तो सगळ्यांचा आहे. घडवलेल्या शब्दाची अडचण निराळी. तो रिकाम्या भांड्यासारखा येतो, आणि तो भरायला जाहिरात, वेळ आणि पैसा लागतो. मालकाकडे हे किती आहे, तेही त्या एका ओळीच्या मेसेजमधून कळत नाहीच.

प्रश्न चारच, पण नीट विचारलेले

मोठे फॉर्म कुणी भरत नाही. शिवाय ‘तुमचा टोन कोणता?’ असं विचारलंत तर दहातले नऊ जण ‘प्रोफेशनल पण फ्रेंडली’ असं लिहितात, आणि त्या उत्तराचा काडीचा उपयोग नसतो. ‘टार्गेट कस्टमर कोण?’ याचं उत्तर ‘सगळेच’. म्हणून प्रश्न असा हवा की उत्तर देताना माणसाला खरी गोष्ट आठवावी लागेल. मी सहसा हा मजकूर पाठवतो :

‘नाव सुचवतो. त्याआधी चार गोष्टी सांगा, एकेक ओळ पुरे. तुम्हाला पैसे कोण देणार आणि नेमकं काय करून दिल्याबद्दल? त्या माणसाला तुमचं नाव पहिल्यांदा कुठे भेटेल : पाटीवर, फोनवर कुणी सांगताना, मोबाइलच्या स्क्रीनवर, की बिलावर? कुठल्याही धंद्याची तीन नावं सांगा जी तुम्हाला आवडतात, आणि एक जे डोक्यात जातं. आणि नाव ठरवताना शेवटचा होकार तुमच्याशिवाय आणखी कुणाचा लागणार आहे?’

पहिल्या प्रश्नात क्षेत्र आणि गिऱ्हाईक दोन्ही येतात. दुसरा प्रश्न भाषेचा आणि लिपीचा आहे, पण तसं म्हणून विचारलेला नाही. ‘मराठी की इंग्रजी?’ असं विचारलं की लोक अभिमानाने उत्तर देतात, धंद्याच्या हिशेबाने देत नाहीत. नाव मुख्यतः मोबाइलवर रोमन अक्षरांत टाइप होणार असेल, तर ‘ळ’ आणि ‘ण’ असलेला सुंदर मराठी शब्दही रोज अडणार. पाटीवर देवनागरीत झळकणार असेल तर तोच शब्द झकास. तिसऱ्या प्रश्नातून टोन कळतो, आणि खरी माहिती आवडत्या तीन नावांपेक्षा नावडत्या एकात असते. चौथा प्रश्न तुमच्या स्वतःच्या बचावासाठी आहे. सगळं ठरल्यावर भागीदार किंवा बायको ‘छे, हे काय नाव’ म्हणते, तो प्रसंग टळतो.

आणि उत्तर आलंच नाही तर?

हे अगदी सर्रास होतं. कपड्यांच्या एका कामात (ते पुढे सविस्तर सांगतो) मला चारही प्रश्नांना मिळून एकच उत्तर आलं होतं : ‘तुम्हाला योग्य वाटेल ते करा.’ अशा वेळी पुन्हा प्रश्न पाठवले तर माणूस वैतागतो आणि यादी पाठवली तर आपण वैतागतो. मधला मार्ग म्हणजे चार नावं पाठवायची, पण निवडण्यासाठी पाठवायची नाहीत. चारही एकमेकांपासून शक्य तितकी लांब हवीत, आणि प्रत्येकाशेजारी मी काय धरून चाललो ते एका ओळीत लिहायचं.

मी पाठवलेली चार अशी होती. ‘ओंजळ’ : ओळखीचा, मायेचा मराठी शब्द, गिऱ्हाईक घरगुती आणि नाव देवनागरीत दिसणार असं धरून. ‘तिमोरा’ : घडवलेला शब्द, जाहिरातीला पैसे आहेत आणि धंदा पुढे बदलू शकतो असं धरून. ‘ब्लू लॅडर’ : सोपे इंग्रजी शब्द; गिऱ्हाईक तरुण, व्यवहार ऑनलाइन असं धरून. चौथं नाव नव्हतंच, नुसता साचा होता : तुमचं आडनाव आणि पुढे कामाचं नाव, लोक तुम्हाला आधीपासून ओळखतात असं धरून. खाली लिहिलं, ‘यातलं एकही फायनल नाही. प्रत्येकाबद्दल हो की नाही आणि का, एवढंच सांगा.’

जो माणूस प्रश्नांना उत्तर देत नाही, तो चुकीच्या गृहीतकाला मात्र लगेच उत्तर देतो. दुसऱ्याची चूक दुरुस्त करायला कुणाला आवडत नाही? दहा मिनिटांत मेसेज आला : ‘ओंजळ चांगलं आहे पण इंग्लिशमध्ये कसं लिहिणार? आमचे कस्टमर ऑफिसवाले आहेत, ब्लेझर-पँट आल्टर करायला देणारे, बुकिंग मोबाइलवरूनच. तिमोरा औषधासारखं वाटतं. ब्लू लॅडर म्हणजे काय? आडनाव नको, पार्टनर आहे.’

चारही प्रश्नांची उत्तरं आली की! ती मी एका वाक्यात बसवली आणि त्याला परत पाठवली : ‘ऑफिसला जाणाऱ्यांचे महागाचे कपडे घरून नेऊन, दुरुस्त करून किंवा मापात बसवून परत देणं, नाव आधी स्क्रीनवर रोमनमध्ये दिसेल, अर्थ कळायला हवा, हसवणारं नको, कारण लोक अनोळखी माणसाच्या हातात आवडता ब्लेझर देणार आहेत.’ शेवटचा भाग माझा होता, त्याने तो मान्य केला. या वाक्याला ‘बरोबर’ असा लेखी होकार येईपर्यंत पुढे जायचं नाही. पुढे वाद झाला तर हेच वाक्य कामी येतं.

शब्द गोळा करणं आणि पाडणं

आता क्षेत्र माहीत आहे, तर आधी त्या कामातले शब्द गोळा करायचे. शब्दकोशात शिरण्याआधी शिंप्याच्या तोंडात काय असतं ते आठवा : टाका, टीप, काज, अस्तर, दुमड, रफू, उसवणं, माप. यादी जमली की खरं काम पाडण्याचं. इथे मराठी भाषा किती खोड्या काढते ते बघण्यासारखं आहे.

‘टाका’ मला पहिल्या झटक्यात आवडला होता. छोटा, ठसठशीत. मग मोठ्याने म्हणून पाहिला. कपडे... टाका. दुरुस्तीच्या धंद्याचं नाव ‘फेकून द्या’! ‘रफू’ त्याहून वाईट निघाला, कारण त्याच्यामागोमाग ‘रफूचक्कर’ येतोच, आणि हा माणूस लोकांच्या घरून कपडे घेऊन जाणार आहे. ‘मापात’ सुचलं, लगेच ‘मापात पाप’ आठवलं. ‘दुमड’ रोमनमध्ये Dumad असं लिहून बघितलं. इंग्रजी वाचणाऱ्याला त्यात dumb दिसतो. ‘काज’ जवळजवळ पक्का केला होता, काज म्हणजे बटणाचं घर आणि काज म्हणजे कामही. पण मराठीत ‘ज’चे दोन उच्चार, एक ‘जाळं’मधला आणि एक ‘जीवन’मधला. लिहिणारे Kaj, Kaaj, Kaaz असं तीन तऱ्हांनी लिहिणार. सर्च करणाऱ्याला आपण सापडलो नाही, तर नावातला श्लेष काय कामाचा.

नवख्यांची नेहमीची चूक म्हणजे शब्द एकटा तपासणं. नाव कधी एकटं राहत नाही. त्याच्या आधी-नंतर धंद्याची क्रियापदं येतात : पाठवा, आणा, द्या, उघडा. ‘आम्ही ___ मधून बोलतोय’, ‘___ ला कपडे दिलेत का?’ अशा तीन-चार वाक्यांत नाव घालून बघा. ‘टाका’ कागदावर शहाण्यासारखा बसला होता. वाक्यात घातल्यावरच त्याने दात दाखवले.

उरली दोन. ‘अस्तर’, रोमनमध्ये Astar : आतून असतं, दिसत नाही, पण कपडा अंगावर कसा बसतो ते त्याच्यावर अवलंबून. आणि ‘सेकंड सीम’, Second Seam : दुसऱ्यांदा घातलेली शिवण.

फोनची परीक्षा

अमेझॉनचं नाव 1994 साली सुरुवातीला कडाब्रा, Cadabra, असं ठरलं होतं. फोनवर वकिलाला ते कडॅव्हर, म्हणजे प्रेत, असं ऐकू आलं आणि नाव बदललं. आपण एवढे मोठे होऊ न होऊ, परीक्षा तीच घ्यायची. ज्यांना या कामाबद्दल काहीच माहीत नाही अशा पाच जणांना फोन करा, नाव एकदाच म्हणा आणि ऐकू आलं तसं रोमनमध्ये लिहून पाठवायला सांगा. स्पेलिंग सांगायचं नाही, अर्थ सांगायचा नाही, पुन्हा म्हणायचं नाही.

‘सेकंड सीम’ इथे साफ आडवं झालं. पाचातल्या तिघांनी Second Sim लिहून पाठवलं, आणि एकाने ‘कुठल्या कंपनीचं?’ असंही विचारलं. त्याला वाटलं मी दुसरं सिमकार्ड घेतोय. ‘अस्तर’ला तीन जणांनी Astar लिहिलं, एकाने Aster, आणि एकाला ‘अस्त्र’ ऐकू आलं. म्हणजे निर्दोष नाही. पण चूक झाली तरी ती अक्षरापुरती आहे. ऐकणारा भलत्याच धंद्यात जाऊन पोचला तर ते नाव सोडायचं. एखाद्या अक्षराचा घोळ असेल तर नावाखाली कामाचं वर्णन जोडून तो निभावतो.

उपलब्ध आहे का : इथे क्षेत्राशिवाय पाऊलच टाकता येत नाही

कोऱ्या मागणीवर नावं पाठवणाऱ्यांना सांगून पटत नाही अशी गोष्ट म्हणजे, धंदा माहीत नसेल तर ‘हे नाव मोकळं आहे’ असं म्हणताच येत नाही. ट्रेडमार्क साधारणपणे मालाच्या किंवा सेवेच्या वर्गात नोंदला जातो. बहुतेक देश यासाठी नीस वर्गीकरण वापरतात. ते फ्रान्समधल्या नीस शहरात 1957 साली झालेल्या करारातून आलं. त्यात 45 वर्ग आहेत : पहिले 34 मालाचे, उरलेले 11 सेवांचे. एकच शब्द दोन वेगळ्या वर्गांत दोन वेगळ्या मालकांकडे सुखाने नांदू शकतो.

आमच्या कामात तर गंमत झाली. कपड्यांची दुरुस्ती 37व्या वर्गात येते, कपडे मापात बसवणं, म्हणजे आल्टरेशन, 40व्या वर्गात, आणि उद्या यांनी स्वतःचे कपडे विकायला घेतले तर तो 25वा. मालकाच्या दृष्टीने एकच धंदा, पण शोध तीन ठिकाणी घ्यायचा. तुमच्या देशाच्या ट्रेडमार्क कार्यालयाच्या शोधपानावर वर्ग निवडून नाव टाका. नुसतं एक स्पेलिंग टाकून थांबू नका. Astar, Aastar, Astaar, Aster, Ashtar अशी कानाला जवळची सगळी रूपं टाका, कारण हरकत उच्चाराच्या साम्यावरूनही घेता येते. त्यानंतर डोमेन, सोशल मीडियावरचं हँडल आणि कंपनी नोंदणीचं नाव हे तीन वेगळे शोध. कंपनी म्हणून नाव मंजूर झालं याचा अर्थ ट्रेडमार्क मिळाला असा होत नाही. या दोहोंची गल्लत करणारे पुष्कळ भेटतील. तुमचा शोध ही फक्त पहिली चाळणी. पैसे ओतण्याआधी ट्रेडमार्कच्या वकिलाची नजर फिरायला हवी, आणि हे मालकाला लेखी सांगा.

याच टप्प्यावर मालक म्हणतो, ‘सरळ “ब्लेझर रिपेअर” का नको? लोकांना लगेच कळेल.’ कळेल, पण ते नाव स्वतःचं म्हणून राखता येणं फार अवघड. ट्रेडमार्कच्या कायद्यात नावांची एक उतरंड मानली जाते. 1976 सालच्या एका अमेरिकी निकालात ती स्पष्ट मांडली गेली. वस्तूचं सर्वसाधारण नाव तळाला, त्याच्या वर नुसतं वर्णन करणारं, त्याच्या वर अर्थ सुचवणारं, आणि सर्वांत वर त्या धंद्याशी संबंध नसलेला किंवा घडवलेला शब्द. ‘रफू’ तळाजवळ येतो. ‘अस्तर’ कपड्याच्याच कामातला शब्द असला तरी दुरुस्तीची सेवा तो सांगत नाही, नुसती सुचवतो, म्हणून मधल्या पायरीवर बसतो. अस्तराचं कापड विकणाऱ्याने मात्र तेच नाव घेतलं असतं तर ते तळाला गेलं असतं. बघा, इथेही नाव तेच आणि निकाल धंद्यावर.

हातात काय द्यायचं

यादी द्यायची नाही. एक पान. वर ते मान्य झालेलं एक वाक्य. खाली पहिल्या पसंतीचं नाव देवनागरीत आणि रोमनमध्ये, उच्चार कसा करायचा, आणि नावाखाली कायम लिहायची वर्णनाची ओळ. मग त्याचे दोष, आपणहून सांगितलेले. मी लिहिलं होतं : ‘पाचातला एक जण Aster लिहितो, एकाला अस्त्र ऐकू येतं, म्हणून फोनवर “कपड्याचं अस्तर” असंच म्हणायचं. इंग्रजी वाचणारे “ए-स्टार” म्हणू शकतात.’ दोष आधीच सांगितले की मालकाला ते तिसऱ्याच माणसाकडून कळून धक्का बसत नाही. त्याखाली नाकारलेली चार-पाच नावं कारणांसकट, म्हणजे ‘टाका का नाही?’ हा मेसेज तीन दिवसांनी येत नाही. शेवटी काय तपासलं, कुठल्या तारखेला, आणि काय तपासलं नाही.

त्याला ‘ए-स्टार’ हा दोष न वाटता बोनस वाटला. पार्टनरला दोन दिवस लागले. तिने ‘दुसरा टाका’ असं नाव परत पुढे केलं, मग स्वतःच मोठ्याने म्हणून पाहिलं आणि मागे घेतलं. डोमेन नुसत्या नावाचं मिळालं नाही, मागे आणखी एक शब्द जोडून घ्यावं लागलं. आठवड्याभराने त्याचा मेसेज आला : ‘अस्तर फायनल. आता एक छान टॅगलाइन सुचवा.’